दीडशे कोटींवरचा शनी

मामा बोलत होता आणि भाची सेकंद मोजत होती.

काचेपलीकडच्या छोट्या खोलीत मामा मायक्रोफोनसमोर उभा होता. एक हात खिशात, दुसऱ्यात कागद. काचेअलीकडे कात्रीकाका ध्वनिमुद्रणाच्या मशीनपुढे बसले होते आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून भाची उभी होती, हातात स्टॉपवॉच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आज दिवसभरात पंधरा मिनिटं बोला, त्याच्यावर एक अक्षर नको. कुजबुजायचंही नाही. कुजबुजल्याने स्वरतंतूंवर उलट जास्तच ताण येतो म्हणे. उद्या सकाळी सात वाजता मामाच्या घशातली गाठ काढायची होती. गाठ साधी होती, पण तिची जागा वाईट होती. नंतर पंधरा दिवस पूर्ण मौन, आणि त्यानंतर आवाज कसा येईल, येईल तो येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की भाचीच्या आईने दवाखान्याच्या जिन्यातच रडून घेतलं.

मामा तारांगणाचा आवाज होता. सव्वीस वर्षं घुमटाखाली अंधार झाला की लोकांना पहिल्यांदा ऐकू यायचा तो मामा. नवा कार्यक्रम दहा दिवसांवर आला होता, शाळांच्या सहली ठरून गेल्या होत्या, आणि आजची ही पंधरा मिनिटं म्हणजे कार्यक्रमाचा शेवटचा तुकडा होता: सूर्यापासून निघून एकेका ग्रहापर्यंत जायचं आणि प्रत्येकाचं अंतर सांगायचं.

संहितेतलं विज्ञान तपासणं हे भाचीचं काम. नोकरी लागून आठ महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांसमोर कोणाच्या तरी आकड्यातला दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक दुरुस्त केला, तेव्हापासून मामा तिला दशांशबाई म्हणायचा. मग सगळेच म्हणायला लागले.

"...आणि वलयांचा मानकरी शनी," मामा काचेपलीकडे म्हणाला, "सूर्यापासून सरासरी अंतर सुमारे दीडशे कोटी किलोमीटर. सूर्याचा उजेड इथवर यायला ऐंशी मिनिटं लागतात."

भाची सहज समोरच्या पडद्याकडे पाहत होती. घुमटावर दिसणारं चित्र त्या पडद्यावर लहान करून चाललं होतं. खालच्या कोपऱ्यात किलोमीटरचा आकडा टॅक्सीच्या मीटरसारखा पळत होता. शनी आला, आकडा थांबला.

१,४३,३१,४७,६०१.

एकशे त्रेचाळीस कोटी आणि वर चिल्लर. मामा दीडशे म्हणाला होता.

कात्रीकाकांचं लक्ष आवाजाच्या हिरव्या रेषेवर होतं, त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. मामाला पडदा दिसतच नव्हता. युरेनस आला. मामा म्हणाला, दोनशे पंच्याऐंशी. पडद्यावर दोनशे सत्त्याऐंशी. मग नेपच्यून. मामा म्हणाला साडेचारशे, आणि पडद्यावर चारशे एकोणपन्नास कोटी चौऱ्याऐंशी लाख, म्हणजे साडेचारशेच. तिने श्वास सोडला खरा, पण तो काही पूर्ण सुटला नाही.

"झालं," कात्रीकाका म्हणाले. "किती?"

तिने स्टॉपवॉच दाबलं. "चौदा मिनिटं पन्नास सेकंद."

मामा बाहेर आला, खिशातून छोटी वही काढली आणि लिहिलं: 'दहा सेकंद शिल्लक. भांडायला ठेवतो.'

कात्रीकाका हसले. भाचीही हसली, पण तिचे कान तापले होते.

*

तिची खोली म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल आणि पंखा. तिने दार लोटलं आणि फाइल उघडली.

घोळ कुठे झाला ते सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. आधीच्या संहितेत किलोमीटर नव्हतेच. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर तितकं एक खगोलीय एकक, आणि बाकीचे ग्रह त्याच्या किती पट, एवढंच होतं. ते ऐकायला सोपं जावं म्हणून तिनेच गोल करून दिलं होतं: मंगळ दीडपट, गुरू पाचपट, शनी दहापट, युरेनस एकोणीसपट, नेपच्यून तीसपट. कानासाठी ते ठीकच होतं. मग गेल्या आठवड्यात तारांगणाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, मुलांना किलोमीटर कळतात, एकक कळत नाही, किलोमीटर घाला. आणि तिने मूळ तक्ता उघडण्याऐवजी हातातल्या संहितेवरूनच गुणाकार मांडले. एकक म्हणजे पंधरा कोटी. दहा गुणिले पंधरा, दीडशे.

मूळ तक्त्यात शनी दहा नव्हता, ९.५८ होता. एकक पंधरा कोटी नव्हतं, १४.९६ कोटी होतं. ९.५८ गुणिले १४.९६, म्हणजे १४३.३. आधी गुणायचं आणि मग गोल करायचं, हे ती शाळेत असल्यापासून दुसऱ्यांना सांगत आलेली. इथे दोन्ही आकडे आधी गोल केले आणि मग गुणले. सात कोटी किलोमीटरचा फरक पडला. पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या जवळजवळ निम्म्याची चूक तिने एका आळसात केली होती.

तपासणीच्या कागदावर तिची सही होती. तपासलं होतंच की. पृथ्वी तपासली, कारण ती पहिली पायरी. नेपच्यून तपासला, कारण तो सगळ्यात लांब. तीस गुणिले पंधरा साडेचारशे, आणि तक्त्यातूनही साडेचारशेच. दोन्ही टोकं जुळली म्हणजे मधलं आपोआप जुळणार, असं तिला वाटलं. नेपच्यूनला तीस हा आकडा किंचित कमी होता आणि पंधरा किंचित जास्त, दोन्ही चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर शहाण्यासारखं बरोबर आलं. तेच तिला फसवून गेलं.

तिने बाकीचे मांडले. बुध ०.३८७, म्हणजे ५.७९ कोटी, मामाने सहा म्हटलं होतं. शुक्र ०.७२३, १०.८ कोटी, मामाचे साडेदहा. मंगळ १.५२४, २२.८ कोटी; मामाचे साडेबावीस. गुरू ५.२०, ७७.८ कोटी, मामाचे पंच्याहत्तर. शनी. युरेनस. आठातले सहा चुकीचे.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मामाला तीन वाजता दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. आता सव्वाअकरा.

*

"सहा," कात्रीकाका म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

"बरं."

त्यांना कात्रीकाका म्हणायचे ते फिती कापून जोडायच्या जमान्यापासून. आता फिती नव्हत्या, पण नाव राहिलं होतं आणि कापायची सवयही.

दारात रंगारी उभा होता. घुमटावरची चित्रं हा करायचा, भाचीच्याच वयाचा, हातात नेहमी अर्धा प्यालेला चहा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"एवढं काय त्यात," तो म्हणाला. "मीटर माझं आहे. मी शनीला दीडशेवर थांबवतो, गुरूला पंच्याहत्तरवर. दोन मिनिटांचं काम. आवाजाला हातच लावायचा नाही."

"आकाश बदलणार तू?"

"आकाश नाही गं, आकडा. ग्रह आहे तिथेच राहील."

"पण शनी तिथे नाहीये."

"कधीतरी असतो ना? त्याची कक्षा लांबट आहे, तूच सांगितलं होतंस. लांब जातो तेव्हा दीडशेच्या आसपास जातोच की."

हे खरं होतं आणि म्हणूनच ते जास्त टोचलं. "आपण सरासरी म्हणतोय," ती म्हणाली. "आणि पुढच्याच वाक्यात उजेड ऐंशी मिनिटांत पोहोचतोय. ती ऐंशी मी तक्त्यावरून काढली होती. दीडशे कोटींना त्र्याऐंशी लागतील. शनीला उजेड एका अंतरावरून येतो आणि शनी दुसऱ्याच अंतरावर राहतो, असं होईल."

"कोण बसणार आहे गणित करत, अंधारात?"

"मी बसले होते," ती म्हणाली. "सातवीत. मामाचाच कार्यक्रम होता."

रंगारीने चहाचा घोट घेतला.

मॅडमकडे जाणं भाग होतं. मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही, आणि ते न टोकणंच भाचीला जड गेलं.

"म्हणजे सही तुझी आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"दुसऱ्या कोणाकडून तेवढा भाग वाचून घेता येईल. मशीनचा आवाजही लावता येईल."

"मधेच?"

"मधेच. विचित्र वाटेल, पण चुकीचं नसेल." मॅडमनी घड्याळ पाहिलं. "नाहीतर रंगारी म्हणतो तसं. सुमारे म्हणतोयच आपण. सुमारेमध्ये बरंच मावतं."

"सुमारेमध्ये सात कोटी मावत नाहीत, मॅडम."

"एक वाजेपर्यंत काय ते सांग. आणि तुझ्या मामाला परत बोलायला लावायचं नाही. ते मला चालणार नाही. माणूस आहे तो, टेप नाही."

*

मामा घुमटाखाली जाऊन बसला होता. दिवे लागलेले, खुर्च्या रिकाम्या, आणि तो मधल्या रांगेत मान मागे टाकून पांढऱ्या कोऱ्या छताकडे बघत. तिने दारातूनच पाहिलं आणि परत फिरली. त्याला आत्ता सांगितलं तर तो उठून सरळ मायक्रोफोनपुढे उभा राहील, हे तिला माहीत होतं.

"त्याला न सांगता किती जमतं ते बघू," ती कात्रीकाकांना म्हणाली. "तुमच्याकडे आजची पंधरा मिनिटं आहेत. बाकीचे तुकडे आहेत. त्यातून शब्द उचलू."

"शब्द उचलू म्हणे." पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बोल, काय हवंय?"

तिने कागद समोर ठेवला. आता कुठे तिच्या लक्षात येत होतं की तिच्या सवयीप्रमाणे पाच कोटी अठ्ठ्याहत्तर लाख पंच्याण्णव हजार असं काही मागण्यात अर्थ नव्हता. तक्त्यातले आकडे तीन-चार अंकी होते. ०.३८७ ला कशानेही गुणलं तरी तीन अंकांपुढचं सगळं हवेतलं. रंगारीच्या मीटरमधले शेवटचे सहाशे एक किलोमीटर असेच हवेतले होते, पण तो वाद दुसऱ्या दिवशीचा. म्हणजे जितकं खरं तितकं थोडं बोलायचं.

"बुध पाच कोटी ऐंशी लाख," ती म्हणाली. "शुक्र दहा कोटी ऐंशी लाख. मंगळ बावीस कोटी ऐंशी लाख."

कात्रीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. "तिन्हीला ऐंशी लाख?"

"तिन्हीला."

"देव पावला. ऐंशी आहे आपल्याकडे. शनीचा उजेड, ऐंशी मिनिटं." त्यांची बोटं चालायला लागली. "लाख?"

"सूर्याचा व्यास, चौदा लाख किलोमीटर. दुसऱ्या मिनिटात."

"आणि साडेदहा कोटीचं साडे कापलं की दहा कोटी. साडेबावीसचं साडे कापलं की बावीस कोटी." ते आता खुशीत आले होते. "पाच?"

"साडेपाच हजार अंश. सूर्याचं तापमान."

"त्याचंही साडे काप. मामाने आज साडे फार वापरलेत."

"मीच दिले होते," भाची म्हणाली.

पाऊण तास ते दोघं कापत बसले. 'ऐंशी' आधी मिनिटांकडे झुकलेलं निघालं, त्याला सरळ करावं लागलं. 'बावीस'च्या आधी 'साडे'चा शेवटचा डे चिकटून येत होता, तो निखळायला चार वेळा प्रयत्न करावा लागला. मध्ये भाचीचा फोन वाजला. आई.

"निघालात का?"

"नाही अजून. थोडं काम आहे."

"तो बोलत तर नाहीये ना?"

"नाही, आई."

"खरं सांग. तुझा मामा लहानपणापासून असा. ताप असला तरी गोष्ट सांगत सुटायचा, मलाच झोप यायची पण हा थांबायचा नाही. आज एक शब्द जास्त बोलला तर मी दोघांनाही सोडणार नाही."

"दहा सेकंद शिल्लक आहेत त्याचे."

"ते दहा सेकंद मला दे," आई म्हणाली. मग म्हणाली, "लवकर या," आणि फोन ठेवला.

बुध, शुक्र, मंगळ जोडले गेले. कात्रीकाकांनी तिन्ही ऐकवले. मामा सरळ बोलल्यासारखा वाटत होता, जरा सावकाश, इतकंच.

"आता गुरू," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर."

इथे गाडी अडली. पुढे तीन आकडे होते: अठ्ठ्याहत्तर, एकशे त्रेचाळीस, दोनशे सत्त्याऐंशी. आणि मराठीत शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा आपल्या आईवडिलांवर न गेलेला. तीन आणि चाळीस जोडून त्रेचाळीस होत नाही. आठ आणि सत्तर शेजारी ठेवले तर कोणाला अठ्ठ्याहत्तर ऐकू येत नाही. कात्रीकाकांनी 'पंच्याहत्तर'चं शेपूट कापून पाहिलं, त्याला पुढे 'अठ्ठावीस'चं डोकं लावलं. जे निघालं ते ऐकून रंगारीला चहाचा ठसका लागला.

"जुनं बघू," ते म्हणाले. कपाटात सव्वीस वर्षांचे कार्यक्रम होते. त्यातल्या संहिता भाचीने भराभर चाळल्या. अठ्ठ्याहत्तर कुठेच नाही. सत्त्याऐंशी नाही. एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका कार्यक्रमात, धूमकेतूंच्या, एक त्रेचाळीस सापडला. तिने तो ऐकवायला सांगितला.

खोलीत एक वेगळाच माणूस बोलला. गोल, भरलेला, कुठेही न खरवडलेला आवाज. "...त्रेचाळीस..."

"आता हे आजच्या 'एकशे'ला लावलं तर," कात्रीकाका म्हणाले, आणि त्यांनी लावलं. एकशे म्हणेपर्यंत माणूस साठीचा होता आणि त्रेचाळीस म्हणताना एकदम चाळिशीचा.

मागून कागद फाटल्याचा आवाज आला. मामा दारात उभा होता. त्याने वहीचं पान फाडून भाचीच्या हातात दिलं.

'हा कोण पोरगा?'

*

मग तिने सांगितलं. दहा, पंधरा, दीडशे, दोन्ही टोकं, सही. सांगताना ती मामाकडे न बघता मशीनवरच्या दिव्यांकडे बघत होती.

मामाने लिहिलं: 'नेपच्यून बरोबर निघाला म्हणून फसलीस?'

"हो."

'मग चूक नेपच्यूनची.'

"मामा, मस्करी नको."

'माझ्या तोंडातून गेलं दीडशे. लोक तुला नाही, मला ऐकतात.' त्याने हे जोरात लिहिलं, पेन्सिलचं टोक मोडलं. कात्रीकाकांनी दुसरी दिली. 'किती शब्द उरलेत?'

"तीन आकडे. पण तू बोलायचं नाहीयेस. मॅडमनी सांगितलंय. आईने सांगितलंय. दुसरा आवाज लावू किंवा रंगारी मीटर बदलेल."

मामाने रंगारीकडे पाहिलं. रंगारी चहाच्या कपात बघायला लागला.

'मीटर बदललं तर मी ते इथे बसून ऐकीन,' मामाने लिहिलं. 'दर शनिवारी. पुढचा आवाज कसा का असेना, कान शाबूत आहेत.' मग खाली: 'दहा सेकंद आहेत ना?'

"हो, पण..."

'डॉक्टर म्हणाले पंधरा मिनिटं. चौदा-पन्नास म्हणाले नाहीत. हिशेब तुझाच.'

भाची स्वतः अशीच भांडली असती.

मॅडमना बोलावलं. त्यांनी वही वाचली, सगळी, अगदी पहिल्या विनोदापासून. मग म्हणाल्या, "एकदाच. बिघडलं तर दुसरा आवाज, आणि त्यावर वाद नाही."

मामाने मान हलवली. मॅडमनी भाचीकडे बघितलं. "किती सेकंद लागतील?"

भाचीने मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं, तीन वेळा, घड्याळ लावून. "साडेसात. दोन आकड्यांमध्ये श्वास धरून."

"तेवढेच घ्यायचे."

मामा आत गेला. पाणी प्यायला, कागद हातात घेतला. भाचीने मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहून दिल्या होत्या. तिने त्या परत एकदा तक्त्याशी ताडून पाहिल्या, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. काचेवर टकटक करून तिने मामाला थांबवलं, आत गेली, कागद परत घेतला आणि तिथेच उभ्याने गुणाकार पुन्हा केले. ५.२० गुणिले १४.९६. ९.५८ गुणिले १४.९६. १९.१९ गुणिले १४.९६. सत्त्याहत्तर पूर्णांक आठ, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. एकशे त्रेचाळीस पूर्णांक तीन. दोनशे सत्त्याऐंशी पूर्णांक एक. कागद परत दिला. मामाने भुवई उंचावली, बाकी काही नाही.

कात्रीकाकांनी बोट वर केलं.

"अठ्ठ्याहत्तर कोटी," मामा म्हणाला. सकाळपासून आवाज आणखी बारीक झाला होता, पण शब्द सगळे जागेवर होते. एक श्वास. "एकशे त्रेचा..." इथे आवाज फाटला. अगदी केसाएवढा, कापड एखाद्या खिळ्याला अडकावं तसा. मामाने डोळे मिटले आणि थांबला नाही. "...ळीस कोटी." दुसरा श्वास. "दोनशे सत्त्याऐंशी कोटी."

भाचीने स्टॉपवॉच दाबलं. आठ सेकंद आणि दोन दशांश.

कात्रीकाकांनी मधला आकडा पुन्हा ऐकला, हेडफोन लावून एकट्यानेच. मग हेडफोन मॅडमना दिला, मग भाचीला. त्रेचाळीसमध्ये ती खरवड होतीच.

"हे थोडं घासता येईल," ते म्हणाले. "पूर्ण जाणार नाही."

"आकडा नीट ऐकू येतो का?" मॅडमनी विचारलं.

"येतो," भाची म्हणाली. "त्रेचाळीसच ऐकू येतं. दुसरं काही नाही."

"मग ठेवा."

*

निघण्याआधी घुमटाखाली एकदा सगळं चालवून पाहिलं. दिवे गेले, तारे आले. मधल्या रांगेत मामा, शेजारी भाची. बुध पाच कोटी ऐंशी लाखांवर आला, मीटर पाच कोटी अठ्ठ्याहत्तर लाखांवर थांबलं. शुक्र. मंगळ. प्रत्येक ग्रहाला भाची खुर्चीच्या हातावर बोट आपटत होती, मीटर थांबलं आणि आवाज तिथेच आला की आपटायची. गुरू. मग शनी वलयं घेऊन वर चढला, मीटर एकशे त्रेचाळीसवर आलं, आणि अंधारात मामाचा आवाज जरा अडखळून तिथेच येऊन उभा राहिला. शेजारी मामा हललासुद्धा नाही.

टॅक्सीत बसल्यावर त्याने वही काढली. आता तो सगळंच लिहून बोलणार होता, पंधरा दिवस तरी. भाचीच्या पर्समध्ये दोन कोऱ्या वह्या होत्या. पुढे काय, हे त्यांच्यापैकी कोणी काढत नव्हतं.

'सगळे परत मांडलेस?'

"सगळे."

'नेपच्यून?'

"तो बरोबर होता, मामा. साडेचारशे."

मामाने तिच्याकडे पाहिलं आणि वहीवर पेन्सिल आपटली. रस्त्यात खड्डे होते, अक्षर हलत होतं.

'चुकून बरोबर होता. मांड.'

तिने वही घेतली. टॅक्सी सिग्नलला थांबली तेवढ्यात तिने मांडलं. तक्त्यातला नेपच्यून ३०.०७. तीस गुणिले १४.९६, ४४८.८. शून्य पूर्णांक शून्य सात गुणिले १४.९६, एक पूर्णांक शून्य चार आणि पुढे काही. बेरीज ४४९.८ आणि वर थोडं. मग साडेचारशे.

"साडेचारशेच," ती म्हणाली आणि वही त्याच्यापुढे धरली.

मामाने ओळीवरून बोट फिरवत सगळा गुणाकार वाचला, शेवटपर्यंत. मग खाली छोटीशी सही केली.

दवाखान्याच्या दाराशी आई उभी होती, हातात पिशवी, कपाळावर आठ्या. टॅक्सी थांबायच्या आधीच तिने खिडकीतून विचारलं, "किती बोलला?"

"चौदा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद," भाची म्हणाली. "आणि दोन दशांश."